कंटेनर शिपिंगवर फाइव्ह फोर्सेस लावताना ‘जनरिक’ शेरा का मिळतो

प्रश्न: स्ट्रॅटेजीच्या असाइनमेंटला कंटेनर शिपिंग इंडस्ट्री घेतलीय आणि फाइव्ह फोर्सेस लावायचंय. प्रत्येक फोर्सखाली पाच-सहा पॉइंट लिहिले, हाय-मीडियम-लो पण दिलं, तरी सरांनी ‘जनरिक आहे, कुठल्याही इंडस्ट्रीला चालेल’ असं लिहून ड्राफ्ट परत दिला. मग नेमकं करायचं काय असतं?

उत्तर:

मी बरीच वर्षं एका शिपिंग लाइनच्या प्राइसिंग डेस्कवर होते आणि आता स्ट्रॅटेजीचे पेपर तपासते, त्यामुळे तुझ्या सरांचा शेरा मला पाठ आहे, दर सेमला मी स्वतः तो पन्नास ठिकाणी लिहिते. आधी एक साधं करून बघ. ड्राफ्टमधलं कुठलंही वाक्य घे, ‘कंटेनर शिपिंग’ खोड आणि तिथे ‘सिमेंट’ लिही. ‘भांडवल खूप लागतं म्हणून नव्या कंपन्यांचा धोका कमी’, चाललं की नाही? ‘ग्राहकांकडे पर्याय भरपूर म्हणून त्यांची ताकद जास्त’, हेही चाललं. जे वाक्य नाव बदलूनही तसंच उभं राहतं ते तुझ्या इंडस्ट्रीबद्दल काहीच सांगत नसतं. आता बहुतेक मुलं यावर उपाय म्हणून त्याच वाक्याला एक आकडा चिकटवतात, अमुक कंपनीकडे इतकी जहाजं आहेत वगैरे, आणि त्यांना वाटतं झालं स्पेसिफिक. तसं होत नाही, कारण आकडा निष्कर्षाला काही करत नाही, नुसता शेजारी बसून राहतो.

खरी चूक त्याच्या आधीची आहे. तू फोर्सपासून सुरुवात केलीस. सुरुवात नफ्यापासून करायची असते, कारण पोर्टरने 1979 मध्ये ही चौकट मांडली ती मुळात एका प्रश्नासाठी, की काही इंडस्ट्रीत वर्षानुवर्षं बरा पैसा मिळतो आणि काहींत मिळत नाही ते का, आणि मिळालेला पैसा शेवटी कोणाच्या खिशात जातो. म्हणजे आपापसातली स्पर्धा, नवा प्रवेश, पुरवठादार, ग्राहक आणि पर्याय हे पाच फोर्स ही पाच उत्तरं आहेत, आणि तू प्रश्नच लिहिलेला नाहीस. कंटेनर शिपिंगमध्ये तर प्रश्न असा मस्त आहे की दुसरा शोधायला नको. 2016 च्या ऑगस्टअखेर हानजिन ही जगातली सातव्या नंबरची लाइन कोसळली, जहाजं माल भरलेला असताना समुद्रात अडकून पडली कारण पैसे मिळतील की नाही या भीतीने बंदरं आत घेईनात. त्यानंतर सहाच वर्षांनी, 2022 मध्ये, मर्स्कने सुमारे 29 अब्ज डॉलर निव्वळ नफा दाखवला. आणि पुढच्याच वर्षी तो सुमारे 4 अब्जांवर आला. जहाजं तीच, डबे तेच, बहुतेक कंपन्याही त्याच. मग बदललं काय? हा प्रश्न पहिल्या परिच्छेदात लिही आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक वाक्याला विचार की तू या प्रश्नाला काही उत्तर देतोयस का. नसेल देत तर ते काप, कितीही छान असलं तरी.

दुसरं काम हद्द आखायचं. ‘जागतिक शिपिंग’ ही इंडस्ट्री नाही, तेलाचे टँकर आणि धान्याची जहाजं यांचं अर्थकारण सगळं वेगळं आहे. इतकंच काय, ‘कंटेनर शिपिंग’सुद्धा फार मोठं होतं. आशियातल्या आशियात फिरणारी जहाजं छोटी, ती भाड्याने घेऊन कोणीही सेवा सुरू करू शकतं. आशिया ते उत्तर युरोप या मार्गावर मात्र 20-24 हजार टीईयूची जहाजं चालतात (टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याच्या हिशोबात मोजलेली क्षमता), आणि ही जहाजं पनामा कालव्यातून जातच नाहीत, थोडक्याच बंदरांना त्यांना घेणं जमतं. म्हणजे एकच फोर्स एका मार्गावर कडक आणि दुसऱ्यावर ढिला. तू सगळ्यांची सरासरी काढून ‘मीडियम’ लिहिलंस की दोन्हीकडे चुकलास. मी तुझ्या जागी असते तर आशिया-उत्तर युरोप हा एकच मार्ग घेतला असता आणि पहिल्याच पानावर सांगून टाकलं असतं. कोणी मार्क कापत नाही त्याचे, उलट मिळतात.

आता खरा गाभा, तो म्हणजे आपापसातली स्पर्धा. इथे तुझ्या ड्राफ्टमध्ये बहुतेक असं असेल की ‘पहिल्या चार कंपन्यांकडे जगातली निम्म्याहून जास्त क्षमता आहे, म्हणून स्पर्धा मध्यम’. अर्ध वाक्य बरोबर आहे. एमएससी, मर्स्क, सीएमए सीजीएम आणि कॉस्को मिळून निम्म्याच्या वर जातात. पण त्यावरून ‘म्हणून’ निघत नाही. थोड्या कंपन्या असूनही एकमेकींचे गळे कापतात अशा इंडस्ट्री भरपूर आहेत आणि ही त्यातलीच एक होती. का होती ते खाली हिशोबाने दाखवते, कारण परीक्षकाला नेमकं हेच बघायचं असतं.

आशिया-उत्तर युरोप आठवड्याची सेवा म्हणजे दर आठवड्याला ठरल्या वारी एक जहाज निघणार. सुएझमार्गे जाऊन-येऊन फेरी साधारण बारा आठवड्यांची, म्हणजे एक सेवा चालवायला बारा जहाजं लागतात. अकरा घेऊन आठवड्याची सेवा होत नाही, एका आठवड्यात भोक पडतं. आणि जहाज ठरल्या दिवशी निघतं, भरलेलं असो वा अर्धं रिकामं. निघाल्यावर रिकामी राहिलेली जागा, आम्ही त्याला स्लॉट म्हणायचो, ती कायमची गेली, पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही.

आता आकडे धर, हे फक्त समजायला घेतलेत. जहाज 20 हजार डब्यांचं, त्यात 16 हजार डबे भरतात. इंधन, कालव्याचा टोल, जहाजाचं भाडं किंवा हप्ता, खलाशी मिळून त्या फेरीचा ठरलेला खर्च 1 कोटी डॉलर. त्याशिवाय प्रत्येक डब्यामागे चढवणं-उतरवणं वगैरे 400 डॉलर. म्हणजे सरासरी खर्च डब्यामागे 625 अधिक 400, 1,025 डॉलर. जहाज निघायला तीन दिवस आहेत, चार हजार जागा रिकाम्या आहेत आणि एक फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवणाऱ्यांसाठी जहाजात जागा घेणारा मध्यस्थ, म्हणतो 600 डॉलर देतो, घेता का. डेस्कवर बसलेली व्यक्ती काय करते? घेते. मीही घ्यायचे. कारण तो डबा नाही घेतला तर शून्य, घेतला तर 400 जाऊन 200 हातात. त्या क्षणी तो निर्णय शंभर टक्के बरोबर असतो. अडचण अशी की समोरच्या तीन लाइनच्या डेस्कवरही अशाच हुशार व्यक्ती बसलेल्या असतात, आणि फॉरवर्डर सगळ्यांना फोन करतो. दोन-तीन आठवड्यांत 600 हा शेवटच्या डब्याचा भाव राहत नाही, बाजाराचा भाव होतो. मग सोळा हजार डब्यांवर प्रत्येकी 200, म्हणजे 32 लाख डॉलर हातात येतात आणि ठरलेला खर्च 1 कोटी. एका फेरीला 68 लाखांचा खड्डा.

इथे हुशार विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतो, की मग जहाज थांबवत का नाहीत? थांबवतात, त्याला ब्लँक सेलिंग म्हणतात, त्या आठवड्याची फेरीच रद्द. जहाज थांबवलं तर इंधन आणि टोल वाचतो, समज 40 लाख, बाकीचे 60 लाख तरीही जातातच. म्हणजे भाव 700 असेल तर चालवून तोटा 52 लाख, थांबवून 60 लाख, चालवणं परवडतं. भाव 600 ला आला की चालवून 68, थांबवून 60, आता थांबवणं परवडतं. पण बघ, मी थांबवलं की माझा माल शेजारच्या लाइनकडे जातो, तिची जहाजं भरतात, भाव सावरतो, आणि फायदा तिचा. म्हणून प्रत्येक जण वाट बघतो की आधी दुसऱ्याने थांबवावं. एवढं तीन परिच्छेदांत लिहिलंस तर ‘स्पर्धा तीव्र आहे’ हे शब्द लिहायचीसुद्धा गरज नाही. आणि यातलं काहीही सिमेंटला जसंच्या तसं चिकटत नाही, कारण सिमेंट गोडाऊनमध्ये थोडे दिवस तरी ठेवता येतं आणि भट्टी दर मंगळवारी निघून जात नाही.

मग 2016 नंतर काय बदललं? दोन गोष्टी. एक, कंपन्या कमी झाल्या. 2017 मध्ये मर्स्कने हँबुर्ग स्युड घेतली आणि हापाग-लॉइड आणि यूएएससी यांचं विलीनीकरण झालं, 2018 मध्ये कॉस्कोने ओओसीएलची मालक कंपनी घेतली आणि तीन जपानी लाइननी आपले कंटेनरचे धंदे एकत्र करून ‘वन’ सुरू केली. दुसरी गोष्ट म्हणजे अलायन्स, 2017 पासून मोठ्या मार्गांवर तीनच अलायन्स उरल्या. इथे मुलं हमखास घसरतात, अलायन्स म्हणजे कार्टेल असं लिहून मोकळी होतात. तसं नाहीये. अलायन्समध्ये जहाजं वाटून घेतात, भाव नाही. एकाच जहाजावरचे स्लॉट तीन कंपन्या विकतात आणि तिघी एकाच फॉरवर्डरला वेगवेगळे भाव सांगतात. भावाच्या स्पर्धेच्या दृष्टीने हे उलट वाईट, कारण माल एकाच जहाजातून, एकाच दिवशी, एकाच बंदरात जाणार, फरक सांगायचा तरी काय. पण क्षमतेच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. एक फेरी रद्द केली की आपला माल अलायन्समधल्याच पुढच्या जहाजावर टाकता येतो आणि रद्द करण्याचा भार वाटला जातो, म्हणजे वरचा ‘आधी कोण थांबणार’ हा तिढा बराच सुटतो. पुरावा? 2020 च्या वसंतात जगभर मागणी कोसळली तेव्हा लाइननी धडाधड फेऱ्या रद्द केल्या आणि भाव पडले नाहीत. आधीच्या मंदीत असं झालं नव्हतं. हे वाक्य तुझ्या पेपरमध्ये सोन्याचं आहे.

आता सगळ्यात मोठा सापळा. 2021-22 चा नफा बघून मुलं लिहितात की एकत्रीकरणामुळे इंडस्ट्रीची रचनाच बदलली. थांब. शांघायहून निघणाऱ्या मालाच्या स्पॉट भावांचा, म्हणजे कराराशिवाय त्या त्या वेळी मिळणाऱ्या भावांचा निर्देशांक, एससीएफआय, 2020 च्या सुरुवातीला हजारच्या आसपास होता, 2022 च्या जानेवारीत पाच हजारांच्या वर गेला आणि 2023 च्या फेब्रुवारीत परत हजारच्या खाली. या काळात कंपन्यांची संख्या तेवढीच आणि अलायन्सही त्याच. रचना बदलल्यामुळे भाव चढले असते तर रचना तशीच असताना ते उतरले नसते. म्हणजे भाव चढवणारी गोष्ट दुसरी होती, बंदरांबाहेर जहाजांच्या रांगा लागल्या, जहाजं उभी राहिली आणि चालती क्षमता आटली. रांगा संपल्या, जहाजं परत आली, भाव गेले. मग 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, लाइननी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि 2024 मध्ये भाव पुन्हा उसळले. आपल्या बारा जहाजांच्या हिशोबात घाल, फेरी दोन-तीन आठवड्यांनी लांबली की त्याच आठवड्याच्या सेवेला दोन-तीन जहाजं जास्त लागतात, म्हणजे जगात जास्तीची झालेली जहाजं आपोआप शोषली जातात. तोच हिशोब, उलट्या दिशेने. रचना आणि धक्का यातला फरक असा तारखांनी वेगळा करून दाखवणं हे मला पन्नासातल्या एखाद्या पेपरमध्ये दिसतं.

नव्या प्रवेशाचं बघू. ‘भांडवल लागतं म्हणून धोका कमी’ हे इथे नुसतं जनरिक नाही, चूक आहे. जहाज विकत घ्यावं लागत नाही, भाड्याने मिळतं, फक्त जहाजं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा स्वतंत्र बाजार आहे. 2021 मध्ये भाव चढले तेव्हा छोट्या आशियाई लाइन आणि काही फॉरवर्डर एक ते तीन हजार टीईयूची भाड्याची जहाजं घेऊन थेट युरोपच्या मार्गावर उतरले, होम डेपोसारख्या दुकानदार कंपन्यांनीसुद्धा स्वतःच्या मालासाठी जहाज भाड्याने घेतलं. आणि 2022 मध्ये भाव उतरल्यावर नवे आलेले बहुतेक परत गेले. का गेले? कारण छोट्या जहाजावर एका डब्यामागचा खर्च मोठ्या जहाजाच्या कितीतरी पट असतो, भाव पाच पट होते तोवर तो झाकला गेला. म्हणजे खरी भिंत भांडवलाची नाही, डब्यामागच्या खर्चाची आणि दर आठवड्याला बारा मोठी जहाजं लावण्याची आहे. दार उघडंच आहे, आत टिकता येत नाही. हे असं लिहिलं की परीक्षकाला कळतं तू विचार केलायस. आणि एक सांगते, एमएससीने 2020 पासून शेकडो जुनी जहाजं विकत घेतली आणि 2022 च्या जानेवारीत मर्स्कला मागे टाकून पहिला नंबर घेतला, हे ‘नवा प्रवेश’मध्ये टाकू नकोस. आधीपासून धंद्यात असलेल्याने क्षमता वाढवली तर ती स्पर्धाच. असे मुद्दे चुकीच्या खणात पडलेले फार दिसतात.

पुरवठादारांकडे ये. इथे सगळे एक यादी देतात, जहाजबांधणी, इंधन, बंदरं, खलाशी, आणि खाली ‘हाय’. पुरवठादार हा एक माणूस नाही, प्रत्येकाची ताकद वेगळी, म्हणून एक-दोन निवड आणि ताकद मोजून दाखव. मी सुएझ कालवा घेईन. दिसायला पक्की मक्तेदारी, रस्ता एकच, मग टोल वाटेल तेवढा लावता यायला हवा. पण टोलला छप्पर आहे, आणि ते छप्पर म्हणजे आफ्रिकेच्या वळशाचा खर्च, जादा इंधन अधिक जादा दिवस. इंधन महाग असताना ते छप्पर उंच असतं. 2016 मध्ये आणि परत 2020 मध्ये इंधन स्वस्त झालं, जहाजं फुकट उभी होती म्हणजे दिवसांनाही किंमत नव्हती, तेव्हा काही लाइननी युरोपहून परतीच्या फेऱ्या खरंच वळशाने नेल्या आणि कालव्याच्या प्राधिकरणाला सवलती द्याव्या लागल्या. मक्तेदाराने सवलत दिली, यापेक्षा चांगला पुरावा कुठून आणणार. ताकद ‘हाय’ नाही, ताकद इंधनाच्या भावाबरोबर वर-खाली होते, असं लिही.

इंधनाचं मात्र पुरवठादाराच्या ताकदीत काही काम नाही. तेल महाग झालं म्हणजे बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, विकणाऱ्याची सौदा करायची ताकद वाढली असं होत नाही, तो भाव जगाच्या बाजारात ठरतो आणि सगळ्या लाइनना सारखाच बसतो. किंमत वाढणं आणि ताकद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा घोळ दर दुसऱ्या पेपरात असतो. जहाज बांधणाऱ्यांबद्दल दोन ओळी पुरेत, चीन, कोरिया, जपान एवढ्यातच बहुतेक जहाजं बांधली जातात, पण 2016 मध्ये यार्ड ऑर्डरसाठी मागे लागायचे आणि 2021 मध्ये जागाच मिळेना. शिवाय त्या तेजीत दिलेल्या ऑर्डरी दोन-तीन वर्षांनी पाण्यात उतरतात, म्हणजे भाव पडलेला असताना नेमक्या. तो मुद्दा वरच्या स्पर्धेच्या भागाला जोड, इथे सोडू नकोस.

ग्राहक. ‘पर्याय भरपूर म्हणून ताकद जास्त’ यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सोडव. एक, ग्राहक भाव पाडू शकतो का. दुसरं, त्याला भावाची पर्वा किती. समज एका चाळीस फुटी डब्यात 1 लाख डॉलरचे बूट आहेत आणि दुसऱ्यात 20 हजार डॉलरच्या बागेतल्या खुर्च्या. भाडं 2 हजार असताना बूटवाल्याला 2 टक्के पडतं, खुर्चीवाल्याला 10. भाडं 10 हजार झालं की बूटवाला 10 टक्के सोसतो, कुरकुर करत का होईना पाठवतो, कारण सीझन गेला तर बूट पडून राहतील. खुर्चीवाल्याचा अर्धा माल भाड्यातच गेला, तो पाठवतच नाही. म्हणजे ‘ग्राहक’ नावाचा एकच गट नाही, डब्यात काय आहे त्यावर ठरतं. एवढं एक उदाहरण पुरे.

आणि या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, करार. मोठे माल पाठवणारे वर्षाचा करार करतात, वर्षात इतके डबे देऊ, भाव इतका. वाचायला भक्कम वाटतं. प्रत्यक्षात ठरलेले डबे नाही दिले तर दंड क्वचितच वसूल होतो, कारण पुढच्या वर्षी तोच ग्राहक हवा असतो. म्हणून बाजार पडला की ग्राहक करार बाजूला ठेवून स्पॉटला स्वस्तात जागा घेतो, आणि बाजार चढला की लाइन करारातले डबे धक्क्यावर ठेवते, ज्याला आम्ही ‘रोल करणं’ म्हणायचो, आणि ती जागा जास्त देणाऱ्याला विकते. मी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात. एका वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने कराराच्या जेमतेम अर्धे डबे दिले आणि पुढच्या वाटाघाटीला हसत आला, आम्हीही हसलो, काय करणार. निष्कर्ष काय, की इथे करार कोणालाच बांधत नाही, म्हणून ग्राहकाची ताकद त्या त्या आठवड्याला जहाजात जागा किती यावर जाते. म्हणजे हा फोर्स स्वतंत्र नाहीच, स्पर्धेच्या भागातल्या क्षमतेवर तो टांगलेला आहे. फोर्स एकमेकांना जोडून दाखवले की यादी आपोआप मोडते.

पर्यायांवर फार वेळ घालवू नकोस, इथे तो फोर्स कमजोर आहे, आणि कमजोर फोर्सला कमी जागा देणं हीसुद्धा अ‍ॅनालिसिसच असते. फक्त मोजून कमजोर म्हण. चीन-युरोप रेल्वे समुद्रापेक्षा लवकर पोचते, पण एका गाडीत चाळीस फुटी डबे साधारण पन्नास, म्हणजे शंभरेक टीईयू. 20 हजार टीईयूचं एक जहाज म्हणजे दोनशे गाड्या. विमानाचं भाडं किलोमागे कितीतरी पट, ते महागड्या आणि घाईच्या मालाला. एवढ्या तीन-चार ओळी झाल्या की पुढे जा. दुसऱ्या लाइनकडे जाणं याला पर्याय म्हणून लिहू नकोस म्हणजे झालं, ती स्पर्धा.

सरकार हा सहावा फोर्स म्हणून बरेच जण जोडतात. नको. नियम बदलला तर तो पाचांपैकी कोणत्या फोर्सला ढकलतो ते लिही. उदाहरणार्थ, युरोपात लाइननी मिळून भाव ठरवायची जुनी कॉन्फरन्स पद्धत 2008 च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, आणि जहाजं वाटून घेणाऱ्यांना स्पर्धा कायद्यातून जी खास सूट होती ती 2024 च्या एप्रिलमध्ये संपली. पहिल्याने भावाची स्पर्धा मोकळी केली. दुसऱ्याने अलायन्स बेकायदा झाल्या नाहीत, पण आता प्रत्येकीला आपण कायद्यात बसतो की नाही हे स्वतः तपासावं लागतं. दोन्ही स्पर्धेच्या भागात बसतात.

शेवटी हाय-मीडियम-लो चा तक्ता काढून टाक. त्याऐवजी एक वाक्य लिही की नफा मुख्यतः कशाने ठरतो. माझं उत्तर असेल, या मार्गावर नफा ठरतो तो चालती क्षमता मागणीपेक्षा किती जास्त आहे त्याने, आणि एकत्रीकरणाने पडझडीचा तळ थोडा वर आणला, शिखर मात्र धक्क्यांनी बनवलं. तुझं वेगळं असू शकतं, पण ते खोडता येईल असं असायला हवं. म्हणजे ‘पुढच्या मंदीत लाइननी फेऱ्या रद्द केल्या नाहीत आणि भाव 2016 सारखे पडले तर मी चुकलो’, इतकं स्पष्ट. मग ‘तर कंपनीने काय करावं’ हा भाग आपोआप येतो. 2025 च्या फेब्रुवारीपासून मर्स्क आणि हापाग-लॉइड जेमिनी नावाने एकत्र जहाजं चालवतात आणि 90 टक्क्यांहून जास्त वेळा वेळेवर पोचायचं लक्ष्य त्यांनी ठेवलंय. तुझ्या हिशोबाच्या चष्म्यातून बघ, सगळ्यांचा माल सारखाच असताना फरक करायची ही धडपड आहे. वेळेवर पोचण्याला बूटवाला जादा पैसे देईल, खुर्चीवाला देणार नाही. मग बूटवाले किती आहेत, हा खरा प्रश्न.

शब्दमर्यादा 2,500 असेल तर मी अशी वाटणी करेन, प्रश्न आणि हद्द मिळून 350, स्पर्धा 1,000, ग्राहक 400, प्रवेश 300, पुरवठादार 250, पर्याय 50, आणि उरलेले शेवटच्या निष्कर्षाला. जुन्या ड्राफ्टमधून काय ठेवायचं ते सिमेंटवाल्या कसोटीने ठरव, आणि डब्यामागचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी परत मांड, माझे आकडे उचलू नकोस, ते समजायला धरलेले आहेत हे सरांना एका नजरेत कळेल.